वसुली एजंट घरच्यांना शिव्या देतो, तेव्हा तक्रार कोणाच्या टेबलावर गेली पाहिजे

चुलतभावाच्या मुलीने तिची दोनशे पानी वही माझ्यापुढे ठेवली. मागच्या पानांवर तिने पट्टीने रकाने आखले होते: तारीख, वेळ, कोणाच्या फोनवर आला, कोणत्या नंबरवरून आला, काय बोलला. शेवटच्या रकान्यात पाच-सहा ठिकाणी नुसती रेघ होती. मी विचारलं, हे कोरं का? ती खाली बघून म्हणाली, "काकाजी, ते आईनं लिहू नाही देलं."

दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव. चुलतभावाने, म्हणजे दादाने, एका फायनान्स कंपनीकडून 80,000 रुपयांचं वैयक्तिक कर्ज घेतलं होतं, 24 महिन्यांचं, हप्ता 4,150 रुपये. पावसाने सोयाबीन बसलं आणि जुलैपासून हप्ते तटले. 19 सप्टेंबरला फोन सुरू झाले. 6 ऑक्टोबरपर्यंतच्या 18 दिवसांत वहीत 37 फोन होते. दादाला 14, वहिनीला 9, दिग्रसकडे दिलेल्या ताईला 8 आणि ताईच्या सासऱ्यांना 6. दादाला स्वतःला आलेल्या फोनचं तितकं वाटलं नव्हतं. "मी पैसे देणं लागतो, मले बोलला तं बोलला," तो म्हणत होता. पण ताईच्या सासऱ्यांना फोन करून "तुमच्या सुनेचा भाऊ चोर आहे" असं सांगितल्यावर ताईने माहेरी फोन करणंच बंद केलं होतं.

मी बँकेच्या तक्रार कक्षात बरीच वर्षं काढली. तिथे असे अर्ज रोज यायचे आणि त्यातले बरेचसे खरे असूनही निकामी ठरायचे. माणूस रागाच्या भरात लिहितो, पाच पानं लिहितो, आणि त्या पाच पानांत तपासता येईल अशी एकही ओळ नसते. म्हणून दादाच्या अर्जाच्या निमित्ताने ही सगळी वाट सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्याला कर्ज दिलं कोणी, हे कागदावर बघायचं. फोन करणारा स्वतःला "बँकेतून बोलतो" म्हणतो, पण तो बहुतेक वेळा वसुली एजन्सीचा माणूस असतो, बँकेचा किंवा कंपनीचा पगारी नोकर नसतो. करारावर जिचं नाव आहे ती बँक किंवा फायनान्स कंपनी या एजंटाच्या वागण्याला जबाबदार असते. "तो आमचा माणूस नाही, एजन्सीचा आहे" हे उत्तर रिझर्व्ह बँक मान्य करत नाही. काम बाहेर दिलं तरी जबाबदारी बाहेर देता येत नाही, हे तिने 12 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात पुन्हा बजावलं. कर्ज पतसंस्थेचं असेल तर मात्र ही वाट लागू होत नाही. तिथे सहकार खात्याच्या निबंधकाकडे जावं लागतं. आणि खाजगी सावकाराचं असेल तर 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे.

त्याच 2022 च्या परिपत्रकात आपल्या कामाचं मुख्य वाक्य आहे. वसुलीसाठी शिवीगाळ किंवा धमकी नको, चारचौघांत अपमान नको, कर्जदाराच्या घरच्यांच्या, ओळखीसाठी नाव दिलेल्यांच्या आणि मित्रांच्या खाजगी आयुष्यात ढवळाढवळ नको, निनावी फोन नकोत, सतत फोन नकोत, आणि कर्जदाराला सकाळी 8 च्या आधी व संध्याकाळी 7 नंतर फोन नको. बायांच्या गटाचं मायक्रोफायनान्सचं कर्ज असेल तर त्याचे नियम वेगळे आहेत आणि जास्त कडक आहेत. तिथे वेळ सकाळी 9 ते संध्याकाळी 6 इतकीच आहे, आणि वसुली ठरलेल्या जागीच करायची असते. कर्जदार तिथे लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा आला नाही, तरच घरी यायची मुभा आहे.

आता इथे एक फरक नीट समजून घ्यावा लागतो, कारण कंपनी हटकून इथेच बोट ठेवते. "घरचे" म्हणजे कोण? आम्ही दादाचा करार काढला. दुसऱ्या पानावर सहकर्जदार म्हणून वहिनीची सही होती. वहिनीला ते माहीतच नव्हतं, "त्यानं म्हटलं इथं सही करा, म्या केली." सहकर्जदार आणि जामीनदार हे कर्जाला बांधलेले असतात. त्यांना ठरलेल्या वेळेत, नीट भाषेत फोन करायचा कंपनीला हक्क आहे. त्यामुळे वहिनीच्या बाबतीत "तिला फोनच का केला" ही तक्रार टिकली नसती. तिची तक्रार भाषेची आणि वेळेची. ताईची गोष्ट निराळी. तिचं नाव अर्जावर "ओळखीची व्यक्ती" म्हणून होतं. ओळखीसाठी नंबर दिला म्हणून कोणी देणेकरी होत नाही. आणि ताईच्या सासऱ्यांचा नंबर तर कोणत्याच कागदावर नव्हता. तो एजंटाकडे आला कुठून? हा प्रश्न सगळ्यात जड होता. मोबाईलवरच्या ॲपमधून दिलेल्या कर्जात ॲपने फोनमधल्या नंबरांच्या यादीला हातच लावायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने 2022 मध्येच सांगितलेलं आहे.

म्हणून आम्ही 37 फोनांचे ढीग केले. ताई आणि तिचे सासरे मिळून 14 फोन, ज्यांचा कर्जाशी काही संबंध नाही. सकाळी 8 च्या आधीचे आणि संध्याकाळी 7 नंतरचे, दादा-वहिनीला आलेले, 11. राहिलेले 12 वेळेत होते, त्यातले ज्यात शिव्या नव्हत्या ते आम्ही तक्रारीतून काढून टाकले. दादाला ते पटत नव्हतं. पण तपासणाऱ्याला एक जरी फोन चुकीचा वाटला, की बाकीच्यांवरही तो शंका घेतो.

मग त्या कोऱ्या रेघा. "आईबहिणीवरून शिव्या दिल्या" असं लिहिलं की पलीकडून उत्तर येतं, "एजंट जरा मोठ्या आवाजात बोलला असेल, त्याला समज दिली आहे." नेमके शब्द लिहिले की हे उत्तर देता येत नाही. पण ते शब्द वहिनीने माझ्यासमोर कसे उच्चारावेत, आणि पोरीने ते वहीत का लिहावेत? मी वहिनीला वेगळा कागद दिला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. तिने तिच्या हाताने तारखा टाकून लिहिलं, घडी घातली, लिफाफ्यात टाकलं. अर्जात त्याचा उल्लेख फक्त "जोडपत्र 3" असा केला. असं केलं की बाईला ते वाचून दाखवावं लागत नाही आणि शब्द मात्र कागदावर येतात.

पुराव्यात कंपनी पळवाट काढते ती नंबरावरून. एजंट स्वतःच्या सिमवरून फोन करतो. तक्रार गेली की एजन्सी लिहून देते, हा नंबर आमचा नाही. मग तो माणूस त्यांचाच होता हे दाखवायचं कसं? शोधायचं ते असं काही, जे फक्त कर्ज देणाऱ्याकडूनच बाहेर पडू शकतं. दादाच्या व्हाट्सॲपवर त्याच नंबरवरून एक संदेश होता. त्यात कर्ज खात्याचा पूर्ण क्रमांक, थकबाकीची रक्कम आणि पैसे भरायची लिंक. शिव्या देणाऱ्या नंबरवरून आलेला तो संदेश 37 फोनांपेक्षा मोलाचा होता. त्यामुळे एजंटाचा कोणताही संदेश डिलीट करू नका, कितीही घाण असला तरी. कॉलच्या यादीचे फोटो लगेच काढून ठेवा, कारण जुनी यादी फोनमधून पुसली जाते. रेकॉर्डिंग असेल तर ते मूळ फोनमध्येच राहू द्या. पुढे कोर्टात गेलात तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोन हाताशी असलेला बरा. काही फोनमध्ये रेकॉर्डिंग सुरू करताच तशी सूचना दोघांनाही ऐकू येते आणि एजंट फोन ठेवून देतो. तेही वहीत वेळेसकट लिहा.

अर्ज द्यायचा कोणाला? शाखेत दिला तर तो वसुलीवाल्या साहेबाकडेच जातो, ज्याचं टार्गेट त्या एजंटावर अवलंबून असतं. एजन्सीच्या मालकाला सांगण्यात तर काहीच अर्थ नाही. प्रत्येक बँकेला आणि फायनान्स कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव, फोन शाखेत दिसेल असं लावावं लागतं. रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेत, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी ऐकण्याच्या तिच्या व्यवस्थेत, येणाऱ्या संस्थांना त्याच्या वर प्रधान नोडल अधिकारी असतो. हा मुख्यालयातला वरिष्ठ माणूस, रिझर्व्ह बँकेपुढे उत्तर द्यायला तोच उभा राहतो. आम्ही अर्ज तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे केला, आणि प्रती प्रधान नोडल अधिकारी व व्यवस्थापकीय संचालक यांना. ईमेल पत्ते कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार निवारणाच्या पानावर सापडले. ईमेल केला आणि तोच अर्ज स्पीड पोस्टानेही पाठवला, पोचपावतीसह. एकट्या संचालकाला लिहिलेला अर्ज बहुधा कोणत्याच नोंदवहीत चढत नाही, म्हणून तक्रार निवारण अधिकारी सोडायचा नाही.

अर्ज दीड पान झाला. त्याचा गाभा असा होता:

"विषय: वसुली एजंटाकडून कर्जदाराच्या नातेवाइकांना वारंवार शिवीगाळीचे फोन. कर्ज खाते क्रमांक अमुक.

माझ्या वरील खात्यावर जुलै ते ऑक्टोबरचे 4 हप्ते, एकूण 16,600 रुपये थकीत आहेत. ही थकबाकी मला मान्य आहे. ही तक्रार कर्जाबद्दल नाही, वसुलीच्या पद्धतीबद्दल आहे.

19 सप्टेंबर ते 6 ऑक्टोबर या काळात अमुक नंबरवरून माझी विवाहित बहीण व तिचे सासरे यांना 14 फोन आले. दोघेही या कर्जात कर्जदार, सहकर्जदार वा जामीनदार नाहीत. मला व माझ्या पत्नीला सकाळी 8 पूर्वी व संध्याकाळी 7 नंतर 11 फोन आले. फोनांची यादी जोडपत्र 1, याच नंबरवरून आलेला खाते क्रमांकाचा संदेश जोडपत्र 2, वापरलेले शब्द जोडपत्र 3. हे रिझर्व्ह बँकेच्या 12 ऑगस्ट 2022 च्या सूचनांच्या विरुद्ध आहे.

माझी मागणी: सदर एजंटाला माझ्या खात्यावरून काढावे. बहीण व तिच्या सासरच्यांचे नंबर आपल्या व एजन्सीच्या नोंदीतून काढावेत, आणि सासऱ्यांचा नंबर कोठून मिळाला ते लेखी कळवावे. या काळातील आपल्याकडील कॉल रेकॉर्डिंग पुसू नये. एजन्सीचे नाव व तिला दिलेले अधिकारपत्र कळवावे. परतफेडीबद्दल बोलण्यासाठी एक अधिकारी नेमून द्यावा. बहिणीच्या सासऱ्यांना आपल्या कार्यालयाकडून लेखी दिलगिरीचे पत्र पाठवावे.

परतफेड: सोयाबीन विकून 25 ऑक्टोबरला 4,150 रुपये, कापसाच्या पैशातून 30 नोव्हेंबरपर्यंत उरलेले 12,450 रुपये, आणि 5 नोव्हेंबरपासून चालू हप्ता वेळेवर भरीन."

थकबाकी मान्य करणारं वाक्य काढून टाक म्हणून दादाने फार आग्रह केला. "आपणच कबूल केलं तं ते अजून चढतीन." पण मी ते ठेवलं, आणि पहिल्याच परिच्छेदात ठेवलं. वसुली विभाग तक्रारीवर नेहमी एकच शेरा मारतो, की कर्जदार पैसे बुडवायला तक्रार करतोय. कर्ज कबूल करून तारखेसह पैसे द्यायची तयारी लिहिली, की तो शेरा मारायला जागा उरत नाही. मात्र जी तारीख पाळता येणार नाही ती लिहू नका. कापूस किती निघेल आणि व्यापारी पैसे कधी देईल याचा हिशेब दादाने आधी घरात बसून केला, मगच 30 नोव्हेंबर लिहिलं.

रेकॉर्डिंग पुसू नका ही मागणी लोक विसरतात. एजंटाचे फोन रेकॉर्ड करायची सूचना रिझर्व्ह बँकेने बँकांना 2008 मध्येच दिलेली आहे, पण रेकॉर्डिंग कायम ठेवलं जात नाही. तुम्ही वेळेत लेखी मागितलं असेल, तर "आता ते उपलब्ध नाही" हे उत्तर त्यांच्याच अंगावर येतं. 2008 च्याच सूचनांत बँकांसाठी आणखी एक गोष्ट आहे: कर्जदाराची तक्रार निकाली निघेपर्यंत ते खातं वसुली एजंटाकडे पाठवू नये. तक्रारदार उगाचच त्रास देतोय असा पुरावा बँकेकडे असेल तर गोष्ट वेगळी. दादाचं कर्ज बँकेचं नव्हतं, म्हणून आम्ही हे वाक्य घातलं नाही. तुमचं बँकेचं असेल तर अवश्य घाला.

अर्ज 8 ऑक्टोबरला गेला. त्या दिवसापासून 30 दिवस मोजायचे असतात, म्हणून तक्रार क्रमांक आणि तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहिली. सहाव्या दिवशी यवतमाळहून वसुली विभागाच्या कोणा साहेबाचा फोन आला. गोड बोलला. "दादा, दोन हप्ते भरा, तक्रार मागे घ्या, मी एजंटाला बघतो." आम्ही आधीच ठरवून ठेवलं होतं. दादाने सांगितलं, जे असेल ते लेखी पाठवा. तक्रार मागे घेतल्याचा एक ओळीचा मेसेजसुद्धा पाठवायचा नाही, कारण पुढे तोच कागद दाखवून "ग्राहक समाधानी आहे" म्हणतात.

एकोणिसाव्या दिवशी ईमेल आला: एजन्सीने आरोप नाकारले आहेत, सदर नंबर एजन्सीचा नाही, तक्रार बंद करण्यात येत आहे. इथे बरेच लोक हरल्यासारखे गप्प बसतात. आम्ही त्याच ईमेलला उत्तर दिलं, चार ओळींचं. आम्ही समाधानी नाही. नंबर एजन्सीचा नसेल, तर माझा खाते क्रमांक, थकबाकी आणि पैसे भरायची लिंक त्या नंबरकडे कशी गेली? जोडपत्र 2 पुन्हा पाहावे. प्रत पुन्हा प्रधान नोडल अधिकाऱ्याला. कंपनीपुढे दोनच वाटा राहिल्या. एक तर तो माणूस आपला होता हे मान्य करायचं, नाहीतर ग्राहकाची माहिती बाहेर फुटली हे मान्य करायचं. दुसरी वाट त्यांना जास्त महाग होती.

अठ्ठाविसाव्या दिवशी मुख्यालयाचं पत्र आलं. एजन्सीला खात्यावरून काढलं, दोन्ही नंबर नोंदीतून वगळले, बोलण्यासाठी एका अधिकाऱ्याचं नाव आणि फोन दिला. रेकॉर्डिंगबद्दल एक शब्द नव्हता. नंबर कुठून आला याचं उत्तर गोलमाल होतं. कर्ज जसंच्या तसं राहिलं, उशिराचा दंड लागला तो लागलाच, आणि क्रेडिट रिपोर्टवर चुकलेले हप्ते दिसतातच. तक्रारीने कर्ज कमी होत नाही, हे कोणालाही सुरुवातीलाच सांगून टाकावं.

30 दिवसांत उत्तर आलं नसतं, किंवा आलेलं पटलं नसतं, तर पुढची पायरी रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. cms.rbi.org.in वर तक्रार भरता येते, पैसे लागत नाहीत, आणि 14448 वर मराठीतही विचारता येतं. कंपनीला आधी केलेली तक्रार आणि तिची तारीख तिथे लागतेच. ती नसेल तर अर्ज परत येतो. वकिलामार्फत तक्रार घेतली जात नाही, स्वतः करायची किंवा घरच्या कोणाला अधिकार द्यायचा. तीच बाब कोर्टात चालू असेल तरी लोकपाल हात लावत नाही. त्यांच्याकडेही मुदत असते, तेव्हा उत्तर आल्यावर महिने घालवू नका. अगदी छोट्या काही फायनान्स कंपन्या या योजनेत येत नाहीत, हेही आधी तपासा.

आणि एक गोष्ट या 30 दिवसांत बसत नाही. हातपाय तोडायची धमकी, बाईला उद्देशून अश्लील बोलणं, दारात येऊन तमाशा, फोटो बिघडवून पाठवणं, यातलं काही झालं तर अर्जाची वाट बघू नका, पोलीस ठाण्यात जा. ठाण्यात "हे पैशाचं मॅटर आहे, दिवाणी आहे" म्हणतील. पैसे दिवाणी आहेत. धमकी मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम 351 खाली आणि स्त्रीच्या विनयशीलतेचा शब्दांनी अपमान कलम 79 खाली गुन्हा आहे. ही दोन कलमं लेखी अर्जात घालून पोच घ्या.

दादाने 25 ऑक्टोबरचे पैसे दिले, बाकीचेही कापसावर दिले. दिलगिरीचं पत्र दिग्रसला ताईच्या सासरी वेगळं गेलं, कंपनीच्या छापील कागदावर, इंग्रजीत. ताईच्या मुलाने ते आजोबांना मराठीत वाचून दाखवलं. संध्याकाळी ताईचा वहिनीला फोन आला, बऱ्याच दिवसांनी, आणि दोघी बराच वेळ तुरीच्या शेंगांबद्दल बोलत राहिल्या.